ती ओळ माझी नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवड असेल तेव्हा वाचा, पण ज्यांच्या मोबाईलमध्ये तो निळा फोटो आहे त्यांनी मात्र जरूर वाचा.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या गावी पाण्यावर एक कार्यक्रम झाला. मीही बातमीसाठी गेलो होतो. हॉलच्या दारात मोठा फ्लेक्स लावलेला. त्यावर कोरड्या विहिरीचं चित्र, चार नेत्यांचे हसरे फोटो आणि मधोमध मोठ्या अक्षरात एक ओळ: "नंबर हंड्याचा आहे, माझा नाही". ओळीखाली माझं नाव. सूत्रसंचालकानं मला स्टेजवर बोलावून गुलाबाचं फूल दिलं, "या एका ओळीनं साहेबांनी दुष्काळ मांडला" असं म्हणाला, टाळ्या वाजल्या. मी फूल घेतलं आणि खाली येऊन बसलो. बोललो काहीच नाही.

ती ओळ माझी नाही, हे मला त्याच वेळी माइक हातात घेऊन सांगता आलं असतं. सांगितलं नाही. दोन दिवस तर फोनवर "धन्यवाद, धन्यवाद" करत होतो. तिसऱ्या दिवशी लाज वाटली, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी ओळ कुठून आली ते सांगतो. मे महिन्यात टँकरच्या बातमीसाठी एका वस्तीवर गेलो होतो. टँकर सकाळी दहाला येणार होता, दुपारचा एक वाजला तरी पत्ता नव्हता. रस्त्याच्या कडेनं हंड्यांची रांग लागलेली, स्टीलचे, पितळेचे, जास्त करून प्लॅस्टिकचे. बायका बाजूला लिंबाच्या सावलीत बसलेल्या. हंडे उन्हात, माणसं सावलीत. ज्यांनी अशी रांग पाहिली आहे त्यांना यात नवल वाटायचं नाही. हंडा लावला की जागा धरली गेली. वाऱ्यानं उडू नये म्हणून आत दगड ठेवायचा, ओळख पटावी म्हणून कडेला चिंधी बांधायची.

साठीच्या पुढच्या एक मावशी गुडघा धरून बसल्या होत्या. मी वही काढली आणि पत्रकाराच्या सवयीनं विचारलं, "मावशी, तुमचा नंबर कितवा?"

त्या म्हणाल्या, "नंबर हंड्याचा हाय, माझा न्हाई."

चिडून नाही, हसूनही नाही. मी प्रश्न चुकीचा विचारला होता आणि त्यांनी तो दुरुस्त केला, एवढंच. मी वहीत ओळ उतरवली, शेजारी वेळ टाकली आणि पुढच्या बाईकडे वळलो. दुसऱ्या दिवशी बातमी लागली. त्यात हंडे किती, टँकर किती वाजता आला, ग्रामसेवक काय म्हणाले, सगळं होतं. ती ओळ नव्हती. बातमीत ती कुठं बसवायची तेच कळलं नाही.

रात्री मात्र ती डोक्यातून जाईना. मग कविता लिहायला घेतली. मी कवी नाही हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. दिवाळी अंकात दोनदा छापून आलोय, तेही जाहिराती आणून दिल्या म्हणून. पण त्या रात्री जे लिहिलं ते असं होतं, लपवत नाही:

सूर्य आग ओकतो आहे
धरणीची छाती फाटली आहे
माणुसकी कधीच आटली आहे
आणि रांगेतली माय म्हणते आहे
नंबर हंड्याचा आहे, माझा नाही!

हेच मी इथं टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, "टँकरच्या रांगेतून प्रेरित". तीनशे-चारशे लाइक आले, "काय ओळ लिहिलीत सर" अशा कमेंट आल्या. कुणीतरी त्याचा निळ्या पार्श्वभूमीचा फोटो केला. फोटोत "प्रेरित"वाली तळटीप कापली गेली, फक्त शेवटची ओळ आणि माझं नाव राहिलं. तो फोटो फिरत फिरत फ्लेक्सवर गेला. फ्लेक्सवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं जे केलं त्याची तयारी मीच करून ठेवली होती.

कुठं कुठं चुकलो ते आता नीट दिसतं.

त्या पाच ओळींपैकी वरच्या तीन कुणाच्याही आहेत. सूर्य, धरणी, माणुसकी हे सामान कुठल्याही दुष्काळी कवितेत भाड्यानं मिळतं. त्या तीन ओळी म्हणजे नुसता चढ आहे, आणि चढ चढून गेल्यावर टाळी घेणारी ओळ मावशींची आहे. स्टेजवर मी हे वाचलं असतं तर लोकांनी टाळ्या शेवटच्या ओळीला दिल्या असत्या, म्हणजे मावशींना, आणि मान मी तुकवली असती. उसनी ओळ शेवटी ठेवली की असंच होतं. ओळ त्यांची, टाळी आपली. क्रेडिट खाली कितीही प्रामाणिकपणे लिहा, कवितेची रचनाच खोटं बोलत राहते.

आमच्याकडे दुसऱ्याच्या ओळीवर रचना करणं हे काही पाप नाही. उलट जुना खेळ आहे. संस्कृत सभांतून समस्यापूर्ती चालायची: श्लोकाचा एक चरण दिला जायचा, बहुधा विचित्र किंवा अशक्य वाटणारा, आणि उरलेले तीन चरण कवीनं रचून त्या चरणाला अर्थ आणायचा. उर्दूत तरही मुशायरा असतो. एक मिसरा आधीच जाहीर होतो, सगळे शायर त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात गझल लिहून आणतात आणि त्या दिलेल्या मिसऱ्याला स्वतःची एक ओळ जोडून शेर पुरा करतात. याला गिरह लावणं म्हणतात, म्हणजे गाठ मारणं. मराठी गझलवाल्यांतही असे तरही मुशायरे होतात. तिथंही ओळ शेवटी येते आणि टाळी तिथंच पडते. मग माझ्यानं काय बिघडलं?

फरक असा की तिथं ओळ उसनी आहे हे सभेतल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असतं. त्यामुळे दाद त्या ओळीला मिळत नाही, गाठीला मिळते. क्रेडिट कार्यक्रमातच भरलेलं असतं. माझ्या वाचकाला काय ठाऊक होतं? त्याच्या दृष्टीनं पाचही ओळी एकाच माणसाच्या.

दुसरी गोष्ट मुक्तछंदाची. वृत्तातल्या कवितेत बाहेरची ओळ आली की कानाला शिवण जाणवते. तिचं वळण, तिचे शब्द वेगळे पडतात, निदान जाणकाराला तरी कळतं. मुक्तछंदात चौकटच नाही. कुणाचंही बोलणं त्यात साखरेसारखं विरघळतं. म्हणून मुक्तछंदात दुसऱ्याची ओळ घेणाऱ्यानं ती जास्त ठळक दाखवायला हवी. मी उलट केलं, होती ती शिवणही इस्त्री मारून सपाट केली. मावशी म्हणाल्या होत्या "हाय" आणि "न्हाई". मी लिहिलं "आहे" आणि "नाही".

हे लहान वाटेल, पण लहान नाही. "माझा न्हाई" म्हणताना मावशींचा आवाज खाली बसला होता. "माझा नाही!" असं उद्गारचिन्ह लावून लिहिलं की ती घोषणा होते. बातमीत मी कुणाच्या तोंडचं वाक्य अवतरणात टाकून त्यातले शब्द बदलले तर ती चूक असते, पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. शब्द बदलायचे असतील तर अवतरण काढा, आणि अवतरण ठेवायचं असेल तर शब्दाला हात लावू नका. कविता लिहिताना मी अवतरणही काढलं, शब्दही बदलले आणि वर बाईंना "रांगेतली माय" करून टाकलं. त्या माय आहेत की नाहीत हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

एका कविमित्राचा फोन आला तेव्हा मी हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, ती बाई काय कविता करत नव्हती. बोलता बोलता बोलून गेली. लोकांची भाषा सगळ्यांची असते. क्रेडिट कसलं देतोस?" मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. तो म्हणतो तसं ते वाक्य सगळ्यांचं असेल, म्हणजे त्या भागातली म्हण असेल, तर एका बाईच्या नावावर चढवणंही चूकच. म्हणून मी ते तपासलं. पुन्हा त्या वस्तीवर गेलो, शेजारच्या दोन वस्त्यांवरही गेलो आणि पाच-सहा म्हाताऱ्या बायकांना विचारलं, "असं काही म्हणतात का तुमच्याकडे?" कुणीच ऐकलेलं नव्हतं. एकीनं उलट विचारलं, "कोन म्हनलं असं? खरं हाय की." म्हणजे म्हण नाही, मावशींचं स्वतःचं वाक्य आहे. उद्या कुणी पन्नास वर्षांपूर्वीचा दाखला आणून दिला तर मी दुरुस्ती करीन. आज माझ्या माहितीत ते त्यांचं आहे.

आणि कविता करायचा हेतू नव्हता म्हणून ओळ त्यांची राहत नाही, हे मला पटत नाही. बहिणाबाई चौधरींचंच बघा. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरकाम करताना, शेतात राबताना गाणी रचायच्या आणि म्हणायच्या. ती मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका मावसभावानं उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हे पुस्तक आलं, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. आता यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. कागद त्यांच्या घरात होते, गाणारी बाई गेली होती. चार ओळी इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? पुस्तकावर नाव आईचं आलं. शीर्षकातच आलं, तळटिपेत नाही.

मग माझ्या मावशींचं नाव का देत नाहीस, असं तुम्ही विचाराल. इथं खरी अडचण आहे.

त्या वस्तीवर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मावशी घरी भेटल्या. मी सगळं सांगितलं. तुमचं वाक्य माझ्या नावावर फिरतंय, मला ते बदलायचं आहे, तुमचं नाव घालू का? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नाव नको घालूस लेकरा. पुढल्या खेपेला टँकर आमच्या गल्लीत यायचा न्हाई." मी म्हटलं, असं कोणी करणार नाही. त्या म्हणाल्या, "तू गावात ऱ्हातोस का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तालुक्याला राहतो, माझ्या नळाला आठव्या दिवशी का होईना पाणी येतं.

तर इथं दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. ओळ कुणाची ते सांगायचं आहे आणि बाईला त्रासही होऊ द्यायचा नाही. पहिला मोह "अज्ञात" लिहिण्याचा होतो. पण अज्ञात म्हणजे मला माहीत नाही. मला तर माहीत आहे, नाव, घर, गुडघा कुठला दुखतो तेही. "अज्ञात" लिहिलं तर ते दुसरं खोटं. "लोकांच्या बोलण्यातून" लिहिलं तर तिसरं, कारण एका माणसाचं वाक्य मी गर्दीत ढकलून दिलं. मग मावशींशीच बोलून असं ठरवलं:

ओळ टँकरच्या रांगेतल्या एका मावशींची, त्यांच्याच शब्दांत. नाव त्यांच्या सांगण्यावरून दिलेलं नाही. बाकीच्या ओळी माझ्या.

तिन्ही वाक्यं मला लागतात. ओळ एका ठरावीक माणसाची आहे, हे पहिलं. नाव माहीत आहे पण दिलेलं नाही आणि तो निर्णय त्यांचा आहे, हे दुसरं. आणि कवितेतली बरी-वाईट बाकीची जबाबदारी माझी आहे, हे तिसरं. माझ्या वाईट ओळी मावशींच्या माथी बसू नयेत, हाही क्रेडिटचाच भाग आहे. तो बहुतेक जण विसरतात.

"प्रेरित", "प्रेरणेनं", "वरून सुचलेलं" हे शब्द मी आता टाकून दिलेत. प्रेरणा म्हणजे मला काहीतरी दिसलं आणि मी माझं लिहिलं. इथं मी प्रेरणा घेतली नाही, अख्खं वाक्य घेतलं. शेजाऱ्याची सायकल नेऊन "शेजाऱ्याच्या प्रेरणेनं सायकल चालवली" म्हणण्यासारखं आहे ते.

छापील कवीची ओळ घेतली असती तर वेगळं गणित. तिथं नाव, कविता आणि संग्रह सांगता येतो, सांगायलाच हवा. कायद्यानं कवी हयात असेपर्यंत आणि गेल्यानंतर ६० वर्षं त्याचा किंवा वारसांचा हक्क असतो. नुसतं नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, पुस्तकात छापायचं असेल तर विचारावं लागतं. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. त्यात लेखकाचा "हे माझं आहे" म्हणण्याचा हक्क वेगळा धरलाय, कॉपीराइट विकून टाकला तरी तो उरतो. मावशींचं तोंडी बोलणं या कायद्यात कुठं बसतं यावर वकील मंडळी वाद घालतील, घालू देत. मला त्यांच्यावर कुणी केस करणार का याची चिंता नाही, आणि त्याही माझ्यावर करणार नाहीत. म्हणूनच तर जपून वागायला हवं.

आता कविता पुन्हा लिहिली. कशी लिहिली ते थोडक्यात सांगतो, कारण इथले काही तरुण मित्र आपापल्या भिंतीवर अशा कविता टाकत असतात.

पहिलं काम म्हणजे ओळ शेवटून उचलून सुरुवातीला आणली. आता तिच्यासाठी चढ रचायची सोय उरली नाही. सगळ्यात चांगली ओळ आधीच सांगून झाली, पुढं काय करणार? इथंच कळतं की आपल्याकडे स्वतःचं काही आहे का. मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा त्या ओळीचा अर्थच समजावून सांगत बसलो. बाईपेक्षा हंड्याला किंमत आहे, व्यवस्थेनं माणसाची वस्तू केली, वगैरे. ते त्या ओळीत आहेच. ओळीचा विस्तार म्हणजे ओळीचं भाषांतर नाही. हे तपासायला मी एक सोपी रीत केली: मावशींची ओळ बोटानं झाकायची आणि उरलेलं वाचायचं. पहिल्या मसुद्यात उरलं ते सूर्य-धरणी. तिसऱ्यात उरलं ते अग्रलेखासारखं. दोन्हीकडे माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

मग वही काढली. मे महिन्याच्या त्या पानावर त्यांचं वाक्य होतं, वेळ होती आणि खाली माझ्याच अक्षरात "हंडे ६३" असं होतं. बातमीतही तेच छापलं होतं, "रांगेत ६३ हंडे". बायका किती होत्या? लिहिलंच नव्हतं. मोजल्याच नव्हत्या. मावशी ज्या गोष्टीबद्दल बोलल्या ती मी त्यांच्यासमोर बसून वहीत करत होतो. त्यांच्या ओळीत हे नाही, कारण माझी वही त्यांनी पाहिली नव्हती. ही माझी बाजू होती आणि ती सांगायला मीच लागत होतो. मग कविता पुढं सरकली.

दुसरं काम क्रेडिटच्या जागेचं. तळटीप कापली जाते हे कळून चुकलंय. फोटो करणारा वरचा भाग घेतो, फॉरवर्ड करणारा खालचं "- अमुक तमुक" खोडतो, कधी जाणूनबुजून, कधी जागा पुरत नाही म्हणून. तिरकी अक्षरं किंवा ठळक अक्षरं कॉपी करताना उडतात. अवतरणचिन्हं टिकतात. म्हणून ओळ अवतरणात ठेवली, "हाय" आणि "न्हाई" तसंच ठेवलं आणि कोण म्हणालं, कधी म्हणालं हे कवितेच्याच दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत घातलं. आमच्या संतांनी नाव अभंगाच्या आत का गुंफलं याचं शास्त्रीय उत्तर अभ्यासक देतील. मला व्हॉट्सअॅपवरून एवढं कळलं की आतलं नाव कापायला कात्री कमी पुरते. आता कुणाला फक्त पहिली ओळ उचलायची असेल तर उचलेलच. पण पहिली ओळ स्वल्पविरामावर संपते, पुढं "असं मावशी म्हणाल्या" आहे. कापणाऱ्याला निदान कापताना दिसेल.

काल संध्याकाळी कविता घेऊन तिसऱ्यांदा वस्तीवर गेलो आणि मावशींना वाचून दाखवली. सून चहा करत होती, तीही दाराशी उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "चिंधी सुनंची न्हाई. माझ्याच लुगड्याची हाय." मी मसुद्यात "सुनेच्या साडीची चिंधी" लिहिलं होतं, चांगलं वाटतं म्हणून. सून हसली. "आणि सतरावा नव्हता," मावशी म्हणाल्या, "एकोणिसावा. आदी सतरावाच व्हता, मदी दोन हंडे घुसले." कुणाचे ते विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तिथंच बसून दोन्ही दुरुस्त्या केल्या, आणि दुसरी दुरुस्ती कवितेत तशीच ठेवली.

ज्यांच्याकडे निळा फोटो आहे त्यांनी तो पुसा आणि हवं तर हे ठेवा. जुनी पोस्ट मी काढत नाही, तिच्यावर ही पोस्ट जोडतोय, म्हणजे काय झालं ते दिसत राहील. कार्यक्रमाच्या आयोजकांनाही फोन केलाय. "आता फ्लेक्स उतरला, जाऊ द्या ना साहेब" म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या ग्रुपवर दुरुस्ती टाका. बघू म्हणालेत.

हंड्याचा नंबर

"नंबर हंड्याचा हाय, माझा न्हाई,"
असं मावशी म्हणाल्या टँकरच्या रांगेत,
मी त्यांचा नंबर विचारला तेव्हा.

हंडा सतरावा होता.
मग एकोणिसावा झाला.
पोटात दगड,
कडेला त्यांच्याच लुगड्याची चिंधी.

मावशी लिंबाखाली,
एक गुडघा पोटाशी, एक लांब.
ऊन सरकलं की त्या सरकायच्या.
हंडा जागचा हलला नाही.

एक वाजता धूळ दिसली.
हंडे कुणी उचलले, कुणी ओढले,
आवाज हंड्यांचा झाला,
पाणीही हंड्यांना मिळालं.

भरल्यावर हंडा डोक्यावर बसला
आणि मावशी चालू लागल्या.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे:
हंडे ६३.
बायका मोजायच्या राहून गेल्या.

(ओळ टँकरच्या रांगेतल्या एका मावशींची, त्यांच्याच शब्दांत. नाव त्यांच्या सांगण्यावरून दिलेलं नाही. बाकीच्या ओळी माझ्या. हंड्याचा नंबर आणि चिंधी मावशींनी दुरुस्त केली.)